कर्जासोबत आलेला विम्याचा कागद: कंपनी खरी आहे का, आणि हा आयुर्विमा आहे की जनरल?

रानजाई

मंडळी, थोडी मदत हवी आहे. माझ्या भावाने वर्षभरापूर्वी गृहकर्ज घेतलं, वीस वर्षांचं. कर्ज मंजूर होताना बँकेने एक विमाही दिला आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जाच्या रकमेतच धरला. "काही बरंवाईट झालं तर कर्ज विम्यातून फिटेल, घर सुटेल," असं तिथल्या बाईंनी सांगितलं. भावाने त्या भरवशावर वेगळा टर्म इन्शुरन्स घेतलाच नाही.

काल वहिनीने तो कागद माझ्याकडे पाठवला. वर मोठ्ठा लोगो बँकेचा. 'कर्ज सुरक्षा' असं काहीसं नाव. विमा कंपनीचं नाव खाली, अगदी बारीक अक्षरात, आणि ते मी आधी कधी ऐकलेलं नाही. त्याखाली नुसते आकडेच आकडे: एक रजिस्ट्रेशन नंबर, एक सीआयएन, एक यूआयएन, आणि बँकेच्या नावापुढे CA ने सुरू होणारा आणखी एक नंबर.

माझे प्रश्न दोनच. ही कंपनी खरोखर नोंदणीकृत आहे हे घरबसल्या कसं तपासायचं? आणि भाऊ नैसर्गिक कारणाने गेला तरी पैसे देणारी ही आयुर्विमा कंपनी आहे का? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अजून काही बिनसलेलं नाही.

पक्याभाऊ

ताई, क्लेम सेटलमेंट रेशो बघा. ९८ टक्क्यांच्या वर असेल तर डोळे झाकून घ्या. मी तसाच घेतला.

रानजाई

पक्याभाऊ, धन्यवाद, पण विमा घ्यायचा नाहीये, घेऊन झालाय. तो नक्की काय आहे तेच कळत नाहीये.

विश्वंभर

सोपं आहे. सीआयएन बघा. पहिलं अक्षर सोडलं की पुढचे पाच आकडे म्हणजे धंद्याचा प्रकार. 66010 असेल तर आयुर्विमा, 66030 असेल तर जनरल. आणि सीआयएन आहे म्हणजे कंपनी सरकारदरबारी नोंदलेली आहेच. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच नंबरात.

दप्तरकाका

विश्वंभर, तुम्ही सांगता ते आकडे बरोबर आहेत, पण त्यावर विसंबून चालणार नाही. मी विमा कंपनीच्या दावे विभागात नोकरी केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीआयएन हा कंपनी निबंधकाकडच्या नोंदणीचा क्रमांक. साबण विकणाऱ्या कंपनीकडेही तो असतो. विमा विकायचा असेल तर १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ३ नुसार वेगळी नोंदणी लागते, आणि ती आयआरडीएआय देते. सीआयएन असून विम्याची नोंदणी नाही, असं सहज असू शकतं.

आता त्या पाच आकड्यांबद्दल. आयसीआयसीआय प्रुडेन्शियल लाइफच्या सीआयएनमध्ये 66010 आहे, तुमच्या नियमात चपखल बसतं. पण आयसीआयसीआय लोम्बार्डच्या सीआयएनमध्ये 67200 आहे आणि एसबीआय लाइफच्या सीआयएनमध्ये 99999. लोम्बार्ड जनरल कंपनी आहे, एसबीआय लाइफ आयुर्विमा कंपनी आहे, आणि दोघी अगदी खऱ्या. तुमच्या नियमाने पाहिलं तर दोघींवरही शंका घ्यावी लागेल. हा कोड कंपनी स्थापन होताना लागतो आणि पुढे तसाच राहून जातो. त्यावरून निष्कर्ष काढू नये.

विश्वंभर

हे माहीत नव्हतं काका. मग आयआरडीएआयच्या नोंदणी क्रमांकावरून तरी प्रकार कळत असेल ना? आयुर्विम्याची मालिका वेगळी असणार.

दप्तरकाका

तिथेच बरेच जण फसतात. मालिका एकच आहे. २००० साली खासगी कंपन्यांना परवाने देणं सुरू झालं तेव्हा १०१ क्रमांक एचडीएफसी लाइफला गेला. १०२ रॉयल सुंदरम, ती जनरल. १०३ रिलायन्स जनरल. १०४ मॅक्स लाइफ, १०५ आयसीआयसीआय प्रुडेन्शियल लाइफ, आणि १०६ इफ्को टोकियो, म्हणजे पुन्हा जनरल. जशी नोंदणी झाली तसा नंबर मिळत गेला. जुन्या सरकारी कंपन्यांचे क्रमांक तर आणखी वेगळे: एलआयसी ५१२, न्यू इंडिया १९०. त्यामुळे नुसता क्रमांक बघून प्रकार सांगता येत नाही. क्रमांक यादीत शोधावा लागतो.

रानजाई, आता तुमचं काम. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा:

```
irdai.gov.in
```

सर्चमध्ये आलेल्या लिंकवर किंवा कागदावर छापलेल्या क्यूआर कोडवरून जाऊ नका. नियामकाच्या नावाशी मिळतीजुळती खोटी संकेतस्थळं यापूर्वी निघालेली आहेत. तिथे विमा कंपन्यांच्या याद्या मिळतील. आयुर्विमा कंपन्यांची यादी वेगळी, जनरलची वेगळी, आणि फक्त आरोग्य विमा करणाऱ्या कंपन्यांचीही वेगळी. तुमच्या कागदावरचं नाव ज्या यादीत सापडेल तोच तिचा प्रकार.

नाव मात्र शेवटच्या शब्दापर्यंत जुळवा, 'लिमिटेड'सकट. 'टाटा' एवढं बघून थांबलात तर टाटा एआयए आणि टाटा एआयजी यांत गफलत होईल. पहिली आयुर्विम्याची, दुसरी जनरल. एसबीआय लाइफ आणि एसबीआय जनरल, श्रीराम लाइफ आणि श्रीराम जनरल, सगळीकडे हेच. घराणं एक असलं तरी कंपन्या कायद्याने निराळ्या, कारण एकाच कंपनीला आयुर्विमा आणि जनरल हे दोन्ही धंदे करता येत नाहीत.

मीनाकाकू

माझाही प्रश्न याच जातीचा आहे म्हणून इथेच विचारते. माझ्या पासबुकात दरवर्षी दोन वजावटी दिसतात, एक ४३६ रुपयांची आणि एक २० रुपयांची. दोन्ही 'पंतप्रधान विमा' म्हणून सांगितल्या होत्या. दोन लाखांचा विमा दोनदा कशाला? एक बंद करावा म्हणते, ४३६ वाला.

दप्तरकाका

काकू, थांबा, तोच बंद करू नका. ४३६ ची ती जीवन ज्योती योजना. ती आयुर्विमा कंपनीमार्फत चालते आणि मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी दोन लाख देते. २० रुपयांची ती सुरक्षा योजना, ती अपघाताची. आजारपणाने कोणी गेलं तर वीस रुपयांच्या योजनेतून काहीही मिळत नाही. एकाच बँकेने दिल्या, रक्कमही सारखीच, पण विमे दोन वेगळे आहेत. वयाची अटही निराळी. जीवन ज्योतीत ५० पर्यंत नाव घालता येतं आणि ५५ पर्यंत संरक्षण चालतं, सुरक्षा योजनेत ७० पर्यंत.

मीनाकाकू

माझं वय ५२. म्हणजे एकदा बंद केला तर परत घालता येणार नाही?

दप्तरकाका

नव्याने नाव घालायला ५० ची मर्यादा आहे, म्हणून तर थांबा म्हटलं. खात्यात वजावटीच्या वेळी शिल्लक राहील एवढं बघा.

रानजाई

काका, शोधलं. कंपनी सापडली! नाव जुळतंय, नोंदणी क्रमांकही जुळतोय. पण ती जनरलच्या यादीत आहे. आयुर्विम्याच्या यादीत दोनदा बघितलं, तिथे नाहीच. पण बँकेच्या बाईंनी तर 'लाइफ कव्हर' असंच म्हटलं होतं. बँकेचा तो CA वाला नंबर आयुर्विम्याचा असेल का?

दप्तरकाका

CA चा नंबर बँकेचा आहे, कॉर्पोरेट एजंट म्हणून. बँक विमा विकते, पण जोखीम घेत नाही. दावा द्यायचा तो कंपनीने. बँकेला आयुर्विमा, जनरल, आरोग्य अशा सगळ्या प्रकारच्या कंपन्यांचे विमे विकता येतात, त्यामुळे त्या नंबरावरून तुमच्या कागदाबद्दल काहीच समजत नाही.

आता यूआयएन बघा. तो पॉलिसीच्या नमुन्याचा क्रमांक. आयुर्विमा कंपनीचा असेल तर सुरुवात त्या कंपनीच्या तीन आकडी नोंदणी क्रमांकाने होते. उदाहरण म्हणून एलआयसीच्या न्यू जीवन आनंदची एक जुनी आवृत्ती:

```
512N279V02
```

५१२ म्हणजे एलआयसी. N म्हणजे शेअर बाजाराशी न जोडलेली. युलिप असती तर L आलं असतं. २७९ हा योजनेचा क्रमांक आणि V02 ही आवृत्ती. जनरल आणि आरोग्य कंपन्यांच्या आरोग्य आणि अपघात पॉलिसींत मात्र सुरुवातीला आकडे नसतात, कंपनीच्या नावाची तीन अक्षरं असतात, आणि मग HL किंवा PA. तुमच्या कागदावर पहिली सहा-सात अक्षरं काय आहेत? कंपनीची तीन अक्षरं झाकून बाकीची सांगा.

रानजाई

तीन अक्षरं, मग PAGP, मग आकडे. आणि विम्याची मुदत पाच वर्षं लिहिली आहे. हे आज पहिल्यांदा नीट वाचलं. कर्ज तर वीस वर्षांचं आहे.

दप्तरकाका

मग चित्र बरंच स्पष्ट झालं. PA म्हणजे पर्सनल अ‍ॅक्सिडेंट, त्यापुढचा G म्हणजे गट विमा. हा गट अपघात विमा आहे, मास्टर पॉलिसी बँकेच्या नावावर आणि तुमच्या भावाला त्याचं प्रमाणपत्र. कंपनी खरी आहे, नोंदणी खरी आहे, कागदही खरा दिसतो. पण हा आयुर्विमा नाही.

पाच वर्षांची मुदतही त्याच्याशी जुळते. जनरल कंपन्यांच्या कर्जाशी जोडलेल्या अपघात आणि गंभीर आजाराच्या गट पॉलिसींना पाच वर्षांची कमाल मर्यादा असते. आयुर्विमा कंपनीचं कर्ज संरक्षण असतं तर ते पूर्ण वीस वर्षांचं घेता आलं असतं, आणि कर्ज फिटत जातं तशी विम्याची रक्कम दरवर्षी उतरत गेली असती. तसा तक्ता प्रमाणपत्रासोबत जोडलेला असतो. तुमच्याकडे तसा तक्ता आहे का?

रानजाई

तक्ता नाही. 'लाभांचा तपशील' म्हणून एक चौकट आहे. पहिली ओळ अपघाती मृत्यू, पूर्ण रक्कम. दुसरी ओळ कायमचं पूर्ण अपंगत्व. तिसरी 'सूचीबद्ध गंभीर आजार', त्यात कॅन्सर, पहिला हार्ट अटॅक, किडनी निकामी होणं असे काही. चौथी नोकरी गेली तर तीन हप्ते. नुसता 'मृत्यू' अशी ओळ कुठेच नाही.

मग उद्या भाऊ आजारपणाने गेला तर?

दप्तरकाका

यादीतल्या आजाराचं निदान विमा चालू असताना पहिल्यांदा झालं आणि पॉलिसीतल्या व्याख्येत बसलं, तर आजारासाठी रक्कम मिळेल. पण तिथे दोन गाठी असतात. सुरुवातीचे काही दिवस, बऱ्याच पॉलिसींत ९०, आजाराचा दावा चालत नाही. आणि निदानानंतर रुग्ण ठरावीक दिवस, बहुधा ३०, जिवंत असावा लागतो. हार्ट अटॅक येऊन माणूस त्याच रात्री गेला, तर या अटीवर दावा अडतो. डेंग्यू, न्यूमोनिया, यादीत नसलेलं काहीही, त्यात पैसे मिळायचा प्रश्नच येत नाही.

दावे विभागात असताना हीच परिस्थिती माझ्यासमोर वारंवार यायची. घरचे लोक कर्ज फिटेल म्हणून निर्धास्त येत, मृत्यूचा दाखला पुढे करत, आणि दाखल्यावर कारण आजाराचं असे. कागदात फसवणूक काहीच नसे. कागद मात्र कोणी वाचलेला नसे. भाऊ धडधाकट आहे तोवर तुम्ही हे बघितलंत, म्हणून अजून काहीतरी करता येईल.

अवधूत७

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण मांडतो. मी सगळं तपासलं होतं. कंपनी यादीत, जनरलच्या यादीत, नोंदणी क्रमांक बरोबर, गाडीची थर्ड पार्टी पॉलिसी. तरीही पॉलिसी खोटी निघाली. एजंटने खऱ्या कंपनीचा लोगो आणि नंबर छापून घरीच कागद केला होता. पोलिसांनी गाडी अडवली तेव्हा एम-परिवहनवर विम्याची मुदत संपलेली दिसली.

दप्तरकाका

अवधूत, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. कंपनी नोंदणीकृत असणं आणि तुमच्या हातातली पॉलिसी त्या कंपनीने दिलेली असणं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. यादीतून पहिलीच कळते. दुसरीसाठी पॉलिसी क्रमांक घेऊन कंपनीलाच विचारायचं, आणि तेही कागदावर छापलेल्या फोनवर विचारायचं नाही. आयआरडीएआयच्या यादीत कंपनीचं संकेतस्थळ असतं, तिथून ग्राहक सेवेचा क्रमांक घ्यायचा. पैसे कंपनीच्या नावाने गेले का तेही बघायचं. एजंटच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर गेले असतील तर तिथेच शंका घ्यावी.

उलटंही घडतं. २०२० साली आयआरडीएआयने 'डिजिटल नॅशनल मोटर इन्शुरन्स' नावाबद्दल जाहीर इशारा दिला होता, कारण त्या नावाची कोणतीही कंपनी नोंदणीकृत नव्हती. नावात 'नॅशनल' असल्यामुळे लोकांना ती कोलकात्याच्या जुन्या सरकारी नॅशनल इन्शुरन्सचीच शाखा वाटू शकते. म्हणूनच नाव शेवटपर्यंत जुळवा म्हणतो.

पक्याभाऊ

एक शंका. माझ्याकडे वडिलांची जुनी पॉलिसी आहे, आयएनजी वैश्य लाइफची. आता यादी उघडली तर ते नावच नाही. बुडाली म्हणायची का?

दप्तरकाका

नाही, घाबरू नका. आयएनजी वैश्य लाइफचं नाव २०१४ मध्ये एक्साइड लाइफ झालं आणि ती कंपनी २०२२ मध्ये एचडीएफसी लाइफमध्ये विलीन झाली. त्यामुळे जुनी नावं आजच्या यादीत दिसणार नाहीत. जबाबदारी एचडीएफसी लाइफकडे गेली आहे. जुना पॉलिसी क्रमांक घेऊन त्यांच्याकडे चौकशी करा. चालू यादीत नाव नसलं तर आधी नावबदल किंवा विलीनीकरण झालंय का ते बघावं, मग संशय घ्यावा.

पक्याभाऊ

हुश्श. धन्यवाद काका. आज संध्याकाळीच वडिलांना सांगतो.

विश्वंभर

पण काका, एक खटकतंय. माझ्या आयुर्विमा कंपनीने मला कॅन्सरची पॉलिसी विकली आहे. म्हणजे आयुर्विमा कंपन्याही आरोग्य विमा करतातच की. मग यादीवरून पॉलिसीत काय आहे ते कसं ठरवायचं?

दप्तरकाका

बरोबर पकडलंत. आरोग्याच्या बाबतीत सीमा थोडी सरमिसळ आहे. निदान झालं की ठरलेली रक्कम एकदम द्यायची, अशा पॉलिसी आयुर्विमा कंपन्या विकतात. हॉस्पिटलचं बिल भरून देणारा मेडिक्लेम मात्र जनरल किंवा आरोग्य कंपन्यांकडचा. म्हणजे आयुर्विमा कंपनीच्या कागदावरही 'मृत्यू' ही ओळ असेलच असं नाही. तुमच्या कॅन्सर पॉलिसीत बहुधा नसेल. उलट बाजू मात्र पक्की आहे: कंपनी जनरलच्या यादीत असेल तर कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूवर पैसे देणारा विमा ती विकूच शकत नाही. रानजाईंच्या बाबतीत यादी बघितली तेव्हाच तेवढं ठरलं होतं, लाभांच्या चौकटीने ते पक्कं केलं.

रानजाई

भावाशी बोलले. तो म्हणतो बँकेकडे जाऊन हा विमा रद्द करून उरलेल्या चार वर्षांचे पैसे परत मागू, आणि त्यात टर्म घेऊ. मिळतील का?

अवधूत७

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत पसंत नाही म्हणून परत करता येते ना?

दप्तरकाका

ती ३० दिवसांची मुदत केव्हाच उलटली, आणि गट विम्याच्या प्रमाणपत्राला ती जशीच्या तशी लागू होते का, हे मास्टर पॉलिसीच्या अटींवर अवलंबून. उरलेल्या मुदतीचा परतावा काही पॉलिसींत मिळतो, काहींत फक्त कर्ज आधी फेडलं तरच. तुमच्या प्रमाणपत्रामागच्या अटींत 'रद्द करणे' असं कलम असेल, ते इथे टाका, मग बोलू.

तोवर दोन गोष्टी. टर्मचा अर्ज आधी करा, तो मंजूर होऊन पॉलिसी हातात येईपर्यंत हा अपघाताचा विमा रद्द करू नका. आणि बँकेला ईमेलवर लेखी विचारा की कर्जाबरोबर दिलेला विमा आयुर्विमा आहे का. तोंडी विचाराल तर तोंडीच उत्तर मिळेल. विमा कंपनीने आणि बँकेने दाद दिली नाही तर आयआरडीएआयचं बिमा भरोसा पोर्टल आहे, हेल्पलाइन १५५२५५. तिथे हेच ईमेल जोडता येईल.

रानजाई

ईमेल आत्ताच पाठवला, वहिनीच्या नावाने नाही, भावाच्या नावाने, कारण कर्जदार तो. अटींच्या पानाचा फोटो नीट वाचता येत नाही, फार बारीक छपाई आहे. उद्या स्कॅन करून 'रद्द करणे'चं कलम इथे लिहिते.

मीनाकाकू

मी पण थांबले आहे. कलम आलं की कळवा गं, माझ्या मुलाच्या गाडीच्या कर्जालाही असाच एक कागद जोडलेला आहे, आणि त्यावरही वर बँकेचाच लोगो आहे.